बॅलन्स शीट जुळली, तरी ऑडिटरने परत का पाठवली?

*मी ऐरोलीत राहते आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे अकाउंट्स बघते. आम्ही मशीनचे सुटे भाग बनवतो. यंदा मालक म्हणाले, 31 मार्च 2025 ची बॅलन्स शीट तूच कर. मी टॅलीतले गटांचे आकडे घेऊन एक्सेलमध्ये मांडले, दोन्ही बाजू 264 लाखांवर जुळल्या. ठाण्याच्या ऑडिटरने एका ओळीत परत पाठवलं: "शेड्यूल थ्रीप्रमाणे नाही, करंट-नॉन करंट बघा, नोट्स कुठे आहेत?" एका रुपयाचा फरक नाही, मग चुकलं काय?*

*आकडे (लाखांत): भांडवल 50, मागचा नफा 42, यंदाचा करपूर्व नफा 24, टर्म लोन 48, कॅश क्रेडिट 30, क्रेडिटर्स 61, देय खर्च-जीएसटी-टीडीएस-पीएफ 9. दुसरीकडे मशिनरी वगैरे 116, स्टॉक 41, डेटर्स 86, एफडी 12, डिपॉझिट 3, रोख-बँक 2, अॅडव्हान्स टॅक्स व टीडीएस 4.*

*— एक वाचक, ऐरोली*

बॅलन्स शीट जुळते म्हणजे नावे आणि जमा सारखे आहेत, एवढंच. एखादी रक्कम चुकीच्या शीर्षकाखाली बसली तरी बेरीज हलत नाही, त्यामुळे ही चूक तुम्हाला कुठलाही फरक दाखवून सापडणार नाही. ट्रायल बॅलन्स सांगतं की बँकेचं 48 लाख देणं आहे. कंपनी कायदा 2013 चं शेड्यूल थ्री त्यापुढे विचारतं: त्यातलं येत्या बारा महिन्यांत किती द्यायचं, तारण काय, हप्ते कसे? या प्रश्नांची उत्तरं ट्रायल बॅलन्समध्ये नसतात. ती सँक्शन लेटरमध्ये, एफडीच्या पावतीवर, पार्टीच्या बिलवार यादीत असतात. म्हणून ऑडिटर आधी नोट्स मागतो. बॅलन्स शीटचं पहिलं पान म्हणजे नोट्सच्या बेरजा, आणि तुम्ही ते पान आधी केलंत.

टर्म लोनपासून सुरू करू, कारण सगळ्यात मोठा फटका तिथेच बसलाय. बँकेचा परतफेडीचा तक्ता काढा. समजा दर महिन्याला 1.50 लाख मुद्दल आणि व्याज वेगळं, असं कर्ज आहे. मग एप्रिल 2025 ते मार्च 2026 मध्ये 18 लाख मुद्दल जाईल, तेवढं करंट. उरलेले 30 लाख लाँग टर्म बॉरोइंग्जमध्ये. तुमचं कर्ज ईएमआयचं असेल तर हप्ता गुणिले बारा करू नका. ईएमआयमध्ये पुढच्या वर्षाचं व्याजही असतं आणि ते 31 मार्चला देणं झालेलंच नाही. तक्त्यात मुद्दलाचा रकाना वेगळा असतो, फक्त तोच बेरजेला घ्या. नोट अशी दिसेल:

नोट 5: लाँग टर्म बॉरोइंग्ज (₹ लाखांत)
टर्म लोन, बँकेकडून, सिक्युअर्ड: 48.00
वजा: पुढील 12 महिन्यांत देय मुद्दल, नोट 6 मध्ये दाखवले: 18.00
शिल्लक: 30.00
*तारण: कर्जातून घेतलेली सीएनसी मशीन, संचालकांची वैयक्तिक हमी. परतफेड: 1.50 लाखांचे समान मासिक मुद्दल हप्ते, शिल्लक 32, शेवटचा नोव्हेंबर 2027 मध्ये.*

खालच्या तिरक्या ओळींकडे बघा. तारण, हमी आणि परतफेडीच्या अटी लिहिणं सक्तीचं आहे, आणि त्या टॅलीत कुठेही सापडणार नाहीत. ते 18 लाख कुठे न्यायचे याबद्दल जुन्या नमुन्यांवर विसंबू नका. पूर्वी ते अदर करंट लायबिलिटीजमध्ये जायचे. मार्च 2021 च्या दुरुस्तीने ते शॉर्ट टर्म बॉरोइंग्जमध्ये, वेगळी ओळ करून दाखवायचे ठरले, आणि ही दुरुस्ती 1 एप्रिल 2021 पासून लागू झाली. इंटरनेटवर फिरणाऱ्या कितीतरी एक्सेल फाइल्स अजून त्याआधीच्या आहेत. "टँजिबल असेट्स" असं शीर्षक दिसलं की फाइल जुनी समजा. आता तिथे "प्रॉपर्टी, प्लांट अँड इक्विपमेंट" असतं. तुमच्या 30 लाखांच्या कॅश क्रेडिटचा काही प्रश्न नाही, ते मागताक्षणी फेडायचं कर्ज, म्हणून शॉर्ट टर्म. स्टॉक आणि डेटर्स तारण ठेवून घेतलेल्या या कर्जापायी आता आणखी एक टीप लागते: बँकेला तिमाहीला दिलेली स्टॉक स्टेटमेंट्स पुस्तकांशी जुळतात का, आणि नसतील तर फरक किती. ती स्टेटमेंट्स कोण भरतं, तुम्ही की मालक? विचारून ठेवा, कारण या टीपेत बऱ्याच कंपन्यांची अडचण होते.

आता डेटर्स. तुमचे 86 लाख हा निव्वळ आकडा आहे. टॅलीत संड्री डेटर्सचा गट उघडा आणि जमा बाजूला शिल्लक असलेली खाती शोधा. समजा अशी दोन गिऱ्हाइकं निघाली, ज्यांनी माल उचलण्याआधीच 6 लाख दिलेत. हे 6 लाख तुमचं येणं कमी करत नाहीत. ते दुसऱ्याच पार्टीचे पैसे आहेत आणि तुम्हाला त्या पार्टीला माल द्यायचाय. एका गिऱ्हाइकाचं येणं दुसऱ्याच्या आगाऊ रकमेतून वजा करायला कायद्यात जागा नाही. म्हणून ट्रेड रिसीव्हेबल्स 92 आणि ॲडव्हान्स फ्रॉम कस्टमर्स 6, हे दुसरं अदर करंट लायबिलिटीजमध्ये.

क्रेडिटर्सचं तसंच. 61 च्या मागे समजा 66 लाखांची देणी आणि 5 लाखांच्या नावे शिलका आहेत. त्या 5 पैकी 3 लाख नव्या मशीनसाठी दिलेला ॲडव्हान्स आणि 2 लाख कच्च्या मालासाठी. दोन्ही एकाच गटात दिसतात, पण जागा वेगळ्या. मशीनचा ॲडव्हान्स म्हणजे कॅपिटल ॲडव्हान्स, तो लाँग टर्म लोन्स अँड ॲडव्हान्सेसमध्ये. मशीन पुढच्या महिन्यात येणार असली तरी तिथेच, कारण त्याची वसुली रोखीत होणार नाही, त्यातून स्थिर मालमत्ताच उभी राहणार आहे. कच्च्या मालाचे 2 लाख शॉर्ट टर्ममध्ये.

मग 66 लाखांचे दोन भाग करायचे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं, आणि ही फोड नोटमध्ये नाही, थेट बॅलन्स शीटच्या पहिल्या पानावर येते. यासाठी पुरवठादारांची उद्यम प्रमाणपत्रं गोळा करावी लागतात. प्रमाणपत्रावर "मीडियम" असेल तर तो या ओळीत येत नाही. नुसता व्यापारी असेल तर तोही नाही, कारण व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. रबाळ्यात शेजारच्या गाळ्यातला जॉबवर्कवाला हा बहुतेक वेळा सूक्ष्म उद्योगच असतो आणि त्याच्याकडे प्रमाणपत्र मागायचं कुणाला सुचत नाही. त्याचे पैसे लेखी कराराने 45 दिवसांच्या आत (करार नसेल तर 15 दिवसांत) द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होतं आणि तो आकडा नोटमध्ये लिहावा लागतो, पुरवठादाराने मागितलं असो वा नसो. आपण 24 लाख सूक्ष्म-लघु आणि 42 लाख इतर, असं धरू.

रिसीव्हेबल्सच्या नोटमध्ये वयाचा तक्ता लागतो: सहा महिन्यांच्या आत, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरचे. हे वय पैसे देय झालेल्या तारखेपासून मोजायचं; तशी तारीख ठरलेली नसेल तर व्यवहाराच्या तारखेपासून. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ हाच तक्ता खातो, आणि कारण दरवेळी एकच: आलेले पैसे बिलाला न लावता "ऑन अकाउंट" टाकलेले असतात. समजा एका पार्टीचं ऑगस्ट 2023 चं 2.40 लाखांचं बिल उघडंच दिसतंय आणि खाली ऑन अकाउंट 2.40 लाख जमा आहेत. पार्टीची शिल्लक शून्य, पण वयाच्या यादीत एक ते दोन वर्षांच्या रकान्यात 2.40 लाख येणं उभं राहतं आणि वजा 2.40 कुठेतरी अधांतरी राहतात. गटाची बेरीज बरोबरच येते, म्हणून कुणाला शंका येत नाही. तक्ता छापण्याआधी ऑन अकाउंटच्या सगळ्या रकमा बिलांना लावा.

तुमचा तक्ता साफ केल्यावर समजा असा आला: 71, 9, 7, 2 आणि तीन वर्षांवरचे 3, एकूण 92. आता त्या शेवटच्या 3 लाखांवर कुणीतरी निर्णय घ्यायला हवा. पार्टी बंद पडली असेल तर तरतूद करा. करपूर्व नफा 24 चा 21 होईल. येणार असतील तर तसा काही कागद हवा, मेल, कबुली, अर्धेमुर्धे आलेले पैसे. "येतील हो" हे मालकांचं वाक्य ऑडिटर फाइलला लावत नाही. खालच्या हिशेबात मी ते येणार असं धरलंय.

बाकीचं लवकर उरकतं. एफडीच्या पावत्या काढून मुदत संपण्याची तारीख बघा. 4 लाखांची सप्टेंबर 2025 मध्ये संपणारी रोख-बँकेच्या नोटमध्ये वेगळ्या ओळीत, 8 लाखांची नोव्हेंबर 2026 ची अदर नॉन करंट असेट्समध्ये. एखादी बँक गॅरंटीच्या मार्जिनसाठी अडकली असेल तर तेही लिहा. विजेचं डिपॉझिट मीटर चालू आहे तोवर परत येत नाही आणि गाळ्याचं गाळा सोडेपर्यंत नाही, म्हणून ते 3 लाखही अदर नॉन करंट असेट्स. 2021 च्या आधी ही डिपॉझिट्स लाँग टर्म लोन्स अँड ॲडव्हान्सेसमध्ये असायची, हाही जुन्या फाइलीचा एक सापळा.

कर तुमच्या आकड्यांत नाहीच. कराचं उत्पन्नही 24 लाखच धरलं आणि कंपनीने कलम 115BAA चा पर्याय घेतला असेल, तर 25.168 टक्क्यांनी 6.04 लाख होतात. ॲडव्हान्स टॅक्स आणि टीडीएसचे 4 लाख त्याच वर्षाचे, म्हणून वजा करून शॉर्ट टर्म प्रोव्हिजन्समध्ये 2.04. मागच्या एखाद्या वर्षाचा परतावा यायचा असेल तर तो मात्र यात मिसळू नका. डिफर्ड टॅक्स मी बाजूला ठेवलाय, कारण आयकराच्या हिशेबातला घसारा तुम्ही कळवलेला नाही. तुमच्याकडे मशिनरी 116 लाखांची आहे, म्हणजे तो निघणारच. ऑडिटरला पाठवण्याआधी तो काढा.

नफातोट्याच्या पत्रकात तुमची गडबड वेगळ्या प्रकारची असेल. टॅलीत खर्च डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे विभागलेले असतात आणि मध्ये ग्रॉस प्रॉफिट येतो. शेड्यूल थ्रीत ग्रॉस प्रॉफिट नाहीच. तिथे खर्च त्याच्या जातीने लागतो. कारखान्यातले पगार आणि ऑफिसातले पगार एकत्र एम्प्लॉयी बेनिफिट्समध्ये जातात, संचालकांचा पगारही तिथेच. कच्चा माल कॉस्ट ऑफ मटेरियल्स कंझ्युम्डमध्ये येतो. तयार आणि अर्धवट मालातला फरक मात्र वेगळ्या ओळीत, म्हणून तुमचे स्टॉकचे 41 लाख आधी कच्चा, अर्धवट आणि तयार असे तोडावे लागतील. वीज, जॉबवर्क, भाडं अदर एक्स्पेन्सेसमध्ये. त्यातला जो खर्च उलाढालीच्या एक टक्क्यापेक्षा किंवा एक लाखापेक्षा, यातलं जे जास्त असेल त्यापेक्षा मोठा, तो नावानिशी दाखवायचा. "किरकोळ खर्च 7 लाख" अशी ओळ गेली तर तीही परत येईल.

एक्सेलमध्ये काम करताना ट्रायल बॅलन्सची शीट एकच ठेवा: खात्याचं नाव, शिल्लक, समायोजन, अंतिम शिल्लक आणि शेवटच्या रकान्यात नोटचा कोड. एकाच खात्याचे दोन भाग होत असतील तर दोन ओळी करा, टर्म लोनच्या 30 ला 5.1 आणि 18 ला 6.2. नोटमधला प्रत्येक आकडा मग सूत्राने येतो:

```
=SUMIFS(TB!D:D,TB!E:E,"6.2")
```

नोटमध्ये हाताने आकडा टाईप करायचा नाही. ऑडिटर शेवटच्या दिवशी एखादी नोंद बदलतो तेव्हा हाताने टाकलेले आकडे तिथेच राहतात आणि नोट आणि पहिलं पान दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात. ज्या ओळीला कोड नाही तिथे रंग येईल अशी व्यवस्था करा, खातं सुटलं की लगेच दिसतं. एकक सगळीकडे एकच. उत्पन्न 100 कोटींच्या आत असल्यामुळे तुम्हाला शेकडे, हजार, लाख किंवा दशलक्ष यांतलं काहीही चालेल. लाख आणि दोन दशांश घ्या. राउंड ऑफ आता ऐच्छिक राहिलेलं नाही.

हे सगळं बसवल्यावर तुमचं पहिलं पान असं होतं:

| इक्विटी आणि देणी | ₹ लाख |
|---|---|
| शेअर कॅपिटल | 50.00 |
| रिझर्व्ह्ज अँड सरप्लस (42 + 17.96) | 59.96 |
| लाँग टर्म बॉरोइंग्ज | 30.00 |
| शॉर्ट टर्म बॉरोइंग्ज (30 + 18) | 48.00 |
| ट्रेड पेएबल्स: सूक्ष्म व लघु | 24.00 |
| ट्रेड पेएबल्स: इतर | 42.00 |
| अदर करंट लायबिलिटीज (9 + 6) | 15.00 |
| शॉर्ट टर्म प्रोव्हिजन्स | 2.04 |
| एकूण | 271.00 |

| मालमत्ता | ₹ लाख |
|---|---|
| प्रॉपर्टी, प्लांट अँड इक्विपमेंट | 116.00 |
| लाँग टर्म लोन्स अँड ॲडव्हान्सेस | 3.00 |
| अदर नॉन करंट असेट्स (8 + 3) | 11.00 |
| इन्व्हेंटरीज | 41.00 |
| ट्रेड रिसीव्हेबल्स | 92.00 |
| कॅश अँड कॅश इक्विव्हॅलंट्स (2 + 4) | 6.00 |
| शॉर्ट टर्म लोन्स अँड ॲडव्हान्सेस | 2.00 |
| एकूण | 271.00 |

264 चे 271 कसे झाले हे एका कागदावर लिहून ऑडिटरला सोबत द्या: गिऱ्हाइकांचे ॲडव्हान्स 6 वाढले, पुरवठादारांना दिलेले 5 वाढले, ॲडव्हान्स टॅक्सचे 4 वजावटीत गेले. कराच्या तरतुदीने बेरीज बदलत नाही, ती फक्त नफ्यातून देण्यात सरकते. हा मेळ लागला नाही तर कुठेतरी एखादं खातं दोनदा तरी आलंय किंवा सुटलंय.

आता मालक तुमच्याकडे कपाळाला आठ्या घालून येतील. टॅलीच्या गटांप्रमाणे करंट असेट्स 148 आणि करंट लायबिलिटीज 70, कारण टॅली कॅश क्रेडिट आणि टर्म लोन दोन्ही लोन्सच्या गटात ठेवतं. करंट रेशो 2.11, बघायला छान. शेड्यूल थ्रीप्रमाणे करंट असेट्स 141, करंट लायबिलिटीज 131.04 आणि रेशो 1.08. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला बँका साधारण 1.33 बघतात. धंदा तोच आहे, पैसेही तेवढेच. फक्त येत्या वर्षात कुणाला किती द्यायचंय हे आता कागदावर आलं. रेशो नोट्समध्ये छापावाच लागतो आणि मागच्या वर्षापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त बदल असेल तर कारणही लिहावं लागतं. त्यामुळे "ते 18 लाख वरच राहू दे" अशी सूचना आली, तर परतफेडीचा तक्ता समोर ठेवा. बँकेकडे तो आधीच आहे, तिथला अधिकारी हा आकडा स्वतः काढतो. रेशो खरंच सुधारायचा असेल तर मालकांनी बँकेशी हप्त्यांची मुदत वाढवण्याबद्दल किंवा भांडवल आणण्याबद्दल बोलावं, आणि तो बदल पुढच्या मार्चच्या आधी व्हायला हवा.

एक काम तुम्ही बहुधा धरलेलं नाही. शेजारच्या रकान्यात 31 मार्च 2024 चे आकडे द्यायचे असतात. मागच्या वर्षीच्या छापील प्रतीत डेटर्स निव्वळ असतील आणि डिपॉझिट जुन्या जागी असेल, तर ते तसेच उतरवून चालणार नाही. तेही यंदाच्या मांडणीत फिरवून घ्या, त्यासाठी 2024 ची बिलवार यादी आणि टर्म लोनची तेव्हाची फोड काढा, आणि कुठली रक्कम कुठून कुठे नेली ते नोटमध्ये लिहा. टॅलीत तारीख 31-3-2024 लावून गट उघडलेत की जमा शिलका दिसतील. मात्र तेव्हाची ऑन अकाउंटची जुळणी आज केली असेल तर जुनी वयाची यादी बदललेली येऊ शकते, म्हणून ऑडिटरच्या फाइलीतली मागच्या वर्षीची प्रत त्यांच्याकडून आधी मागून घ्या.